तुम्ही विचारलंत म्हणून: रजेचा पहिला अर्ज

"मॅडम, नवीनच लागलेय शाळेत, हेडसर फार कडक आहेत, रजेच्या अर्जात कारण किती सांगायचं?"

कारण एका ओळीत सांगायचं, पण खरं सांगायचं. आणि बाकीचा अर्ज आपल्या तासांबद्दल लिहायचा. हे मला डिसेंबर 2013 मध्ये कळलं, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते तेव्हा.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं सोलापूरला, घरी दुसरं कोणीच नाही, आणि आमच्या हेडसरांसमोर उभं राहायचं म्हटलं तरी माझे हात गार पडायचे. रात्री बसून दीड पान लिहिलं, आईला किती वर्षं त्रास आहे, बाबा नाहीत, मी एकुलती एक, क्षमस्व, पुन्हा रजा मागणार नाही, असं सगळं. सरांनी वाचलं आणि लाल पेनानं फक्त दोन प्रश्न लिहून परत दिलं: "कधीपासून कधीपर्यंत? तास कोण घेणार?"

खरंच, दीड पानात तारीखच नव्हती!

मग स्टाफरूममध्ये टाइमटेबल घेऊन बसले. शुक्रवारी माझे पाच तास, शनिवारी सकाळची शाळा म्हणून तीन. ज्यांचा त्या वेळी ऑफ तास होता त्यांना एकेकाला जाऊन विचारलं, न विचारता कुणाचं नाव टाकायचं नाही हे मात्र नक्की, कारण मग त्यांचा ऑफ जातो आणि राग आपल्यावर राहतो. सात तासांची सोय झाली. शनिवारचा तिसरा तास, आठवी ब, गणित, त्याला कोणीच मोकळं नव्हतं.

दुसरा अर्ज असा झाला. विषय: दोन दिवस किरकोळ रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत. खाली, शुक्रवार 13 डिसेंबरला आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, शनिवारी 14 ला पट्टी काढून तपासणी आहे, सोमवारी 16 तारखेला हजर होईन. सोलापूरचा पत्ता, फोन नंबर. मग तासांचा तक्ता, वर्ग, विषय, कोण घेणार, आणि मुलांना काय काम दिलंय. तिसऱ्या तासापुढे काहीतरी नाव टाकून द्यावं असं मनात आलं होतं, पण तसं न करता लिहिलं, "या तासाची व्यवस्था होऊ शकली नाही."

दोन दिवस का, हे सरांनी विचारलंच नाही, कारण ते तारखांमध्येच दिसत होतं. आणि एक लक्षात ठेवा, अर्ज टेबलावर ठेवला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही, सही झालेली बघूनच गाडीत बसा. मी ऑफिसबाहेर थांबून राहिले. शिपाईमामांनी अर्ज आणून दाखवला, खाली "मंजूर" आणि सही, आणि शनिवारच्या तिसऱ्या तासापुढे त्याच लाल पेनानं लिहिलेलं, "मी घेतो."