तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो आहेत, फोन नाहीत

"फोटो एवढे कडक टाकलेत, तरी वेबसाइटवरून एक इन्क्वायरी येत नाही, असं का?"

आर्किटेक्ट मंडळींना मी आधी लॅपटॉप बंद करायला लावतो आणि स्वतःचीच साइट फोनवर उघडायला सांगतो. मागे एका मॅडमच्या साइटवर कोकणातल्या जांभ्याच्या घराचं पान असंच उघडलं, तर ६४ फोटो, त्यात १७ एकाच जिन्याचे, आणि प्लॅन म्हणून अख्ख्या ए१ शीटची पीडीएफ, जी फोनवर नुसती राखाडी जाळी दिसत होती.

अहो, घर बांधायला निघालेला माणूस जिना बघायला येत नाही, आपल्यासारखी अडचण यांनी कधी सोडवलीय का ते बघतो. त्या घराची खरी गोष्ट मला चहा पिताना कळली. प्लॉट उताराचा, मधोमध जुना आंबा, मालक म्हणाले झाडाला हात लावायचा नाही, म्हणून घर दोन भागांत बसवून मधे पडवी काढली. साइटवर यातला एक शब्द नव्हता! मग फोटो ९ ठेवले, पहिला मोकळ्या प्लॉटचा, मोबाइलवर काढलेला (मॅडम नको म्हणत होत्या, कचरा दिसतो म्हणून), मग प्लॅन, मग उतार कळेल असं सेक्शन, आणि मग पडवी. प्लॅन मात्र शीटवरून जसाच्या तसा उचलायचा नाही. डायमेन्शन, ग्रिड, हॅच सगळं उडवा, भिंती काळ्या भरा, खोल्यांची नावं मोठी करा आणि एसव्हीजी करून टाका, म्हणजे कितीही झूम केलं तरी रेष फाटत नाही. 'नंबर वन आर्किटेक्ट' वगैरे लिहायचंच नाही, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८९च्या नियमांत जाहिरातीवर बंधन आहे.

या गोष्टीच्या खालीच बटण ठेवलं, ते दाबलं की फॉर्ममध्ये त्या घराचं नाव आपोआप येतं. रकाने पाचच: नाव, फोन, ईमेल, प्लॉट कुठे आणि केवढा, बजेट. बजेटमध्ये 'अजून ठरलं नाही' हा पर्याय हवाच, नाहीतर लोक तिथूनच परत जातात.

एवढं करूनही महिनाभर शांतता, आणि एक दिवस एका गृहस्थांचा मॅडमना फोन, "फॉर्म भरून तीन आठवडे झाले, उत्तर नाही." मेल स्पॅममध्ये पडलेले, आणि चूक माझी होती. मी पाठवणारा म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता लावला होता, पण मेल निघत होता आमच्या सर्व्हरवरून, त्यामुळे समोरच्या मेलबॉक्सला तो तोतया वाटायचा. आता असं ठेवतो:

```
From: साइटच्या डोमेनचा पत्ता
Reply-To: फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता
```

सोबत, मेल खरंच याच डोमेनचा आहे हे समोरच्या मेलबॉक्सला पटावं म्हणून डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम लावून घेतो, आणि साइट सोपवायच्या दिवशी क्लायंटसमोर बसून फॉर्म स्वतः भरतो, त्यांच्या फोनवर मेल इनबॉक्समध्ये वाजला की मगच बिल पाठवतो.