१४ मुलाखती पुरेशा कशा?

माझ्या संशोधनलेखावर परीक्षकांचं पत्र आलं तेव्हा मी फक्त दोन प्रश्न मोजले. एक: थीम, म्हणजे मुलाखतींतून निघालेले मुख्य मुद्दे, नेमक्या कशा काढल्या? दोन: मुलाखतींना १४ जणी पुरेशा आहेत हे कशावरून? पहिल्याला नीट परिच्छेद लिहीन, दुसऱ्याला एखादा संदर्भ देईन, असा हिशेब होता. दोन्ही प्रश्नांचं दुखणं एकच आहे, हे कळायला पुढे तीन महिने गेले.

अभ्यास नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या परिचारिकांचा होता. मी १४ मुलाखती घेतल्या, शब्दशः लिहून काढल्या, कोड लावले, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्याच्या आशयाचं छोटं नाव दिलं. एकूण २३ कोड झाले. नवव्या मुलाखतीनंतर एकही नवा कोड निघाला नाही, म्हणून लेखात ठोकून दिलं: ‘संपृक्तता गाठली’, म्हणजे आणखी मुलाखती घेऊनही नवं काही मिळणार नाही. सोबत २००६चा तो प्रसिद्ध अभ्यास जोडला, ज्यात बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच मिळाले होते. परीक्षकांनी तिथेच पकडलं. त्या अभ्यासात सहभागी बऱ्यापैकी एकसारख्या होत्या आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते. बाराचा आकडा त्या परिस्थितीचा आहे, तुमच्या परिस्थितीत तो कसा लागू होतो?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग पहिल्या प्रश्नाकडे वळले, आणि तिथे आणखी बोचरं वाक्य होतं: ‘तुमची “पाठिंब्याचा अभाव” ही थीम तुमच्याच प्रश्नावलीतला चौथा प्रश्न तर नाही ना?’

होती. मी विचारलं होतं, ‘वरिष्ठांचा पाठिंबा कसा होता?’ आणि आलेली सगळी उत्तरं त्याच नावाच्या खणात टाकली होती. म्हणजे ती थीम नव्हतीच, प्रश्नाचं शीर्षक होतं. (लेखात मात्र मी ‘थीम उदयाला आल्या’ असं लिहिलं होतं. जणू मी फक्त बघत बसले होते.)

एका सहकारी मैत्रिणीला तीन मुलाखती कोऱ्या, कोड न लावलेल्या, वाचायला आणि कोड लावायला दिल्या. माझी कोडसूची दाखवली नाही. दोघींचे कोड किती जुळतात याचा ‘कापा’ नावाचा आकडा काढून मिरवायचा नव्हता. आमचं कुठे जुळत नाही ते बघायचं होतं. एक वाक्य असं होतं: ‘विचारायला कुणी नसतं असं नाही हो. पण विचारलं की आपण कच्च्या ठरतो.’ मी त्यावर ‘पाठिंब्याचा अभाव’ लावलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘विचारण्याची भीती’. मी वाक्य पुन्हा वाचलं. बाई स्पष्ट सांगतेय की माणसं आहेत, आणि मी त्याच्या नेमकं उलट कोडलं होतं.

त्या खणात एकूण ४१ उतारे होते. सगळे बाहेर काढून पुन्हा वाचले. काही ठिकाणी खरंच कुणी उपलब्ध नव्हतं. काही ठिकाणी विचारण्याची भीती होती. आणि काही जणींनी तर न विचारता निभावणं हेच शहाणपण मानलं होतं. एका कोडचे तीन झाले, आणि तिसरा फक्त शेवटच्या दोन मुलाखतींत सापडला.

इथे दोन्ही प्रश्न एकत्र आले. कोड जितका ढोबळ, तितका तो लवकर भरतो. नवव्या मुलाखतीनंतर नवं काही ऐकू येत नव्हतं, कारण येईल ते जुन्या खणात बसेल असे खण मी आधीच करून ठेवले होते. कोडची संपृक्तता आणि अर्थाची संपृक्तता यांत फरक करणारा एक अभ्यास २०१७मध्ये आला आहे; त्यात कोड ९ मुलाखतींत पुरे झाले, पण अर्थ नीट उमगायला १६ ते २४ लागल्या. हे मी आधी वाचलेलं होतं, हीच गंमत.

मग सहभागींची यादी काढली. १४पैकी १२ जणी मुख्यतः दिवसपाळीच्या. रात्री वरिष्ठ कमी असतात, म्हणजे ज्या प्रश्नावर माझी मुख्य थीम उभी होती तिथलीच माणसं मी ऐकली नव्हती. नीतिमत्ता समितीकडून वाढीव परवानगी घेतली आणि रात्रपाळीच्या पाच जणींशी बोलले. भीतीबद्दल त्या वेगळंच बोलल्या: रात्री विचारायचं म्हणजे झोपलेल्याला उठवायचं, आणि त्याची वाच्यता सकाळी सगळ्यांसमोर होते. ‘कच्चं ठरणं’ इथे नव्हतं, ‘त्रास देणं’ होतं.

नोकरी सोडून गेलेल्या मात्र मिळाल्या नाहीत. तिघींना निरोप पाठवले, एकीचंही उत्तर नाही. ते मर्यादांमध्ये सरळ लिहिलं: या अभ्यासात टिकलेल्यांचाच आवाज आहे.

दुरुस्त मसुद्यात ‘संपृक्तता’ हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी कोणत्या मुलाखतीत कोणता कोड पहिल्यांदा आला याचा तक्ता दिला, आणि ‘पाठिंब्याचा अभाव’ फुटून तीन कसे झाले ते त्या वाक्यासकट दाखवलं. पुढच्या फेरीत परीक्षकांनी एकच विचारलं: १९व्या मुलाखतीतही एक नवा कोड दिसतो, तो लपवला का नाहीत?