किंकाळीचे शब्द किती?

सोमवार, रात्र

दुपारी पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओचं पत्र आलं. मोबाइल गेम आहे, वेशीवरच्या राखणदार म्हातारीचा आवाज हवाय. 112 वाक्यं, 1,140 शब्द, शब्दाला 3 रुपये. शुक्रवारी संध्याकाळी 6 पर्यंत फाइली द्यायच्या. इतकं स्वच्छ पत्र फार कमी वेळा येतं. पहिल्या ओळीतच दर वाचून मला खूप बरं वाटलं.

शब्दांचे झाले 3,420. सलग बोलले तर जेमतेम नऊ मिनिटांचं काम, पण प्रत्येक वाक्य तीनदा, मग निवड आणि साफसफाई. माझ्या दोन रात्री जातील. तरी दर ठीक आहे.

मग स्क्रिप्टची शेवटची दोन पानं उघडली. तिथे एकही शब्द नाही, नुसते कंस: (काठी उगारताना), (पाठीत मार बसतो), (विहिरीत पडते, लांब किंकाळी). असे 20, प्रत्येकाचे तीन प्रकार. म्हणजे 60 ओरडे, आणि शब्दांच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य! घसा मात्र तिथेच बसतो. म्हातारीचा खरखरीत आवाज आधीच घशावर ताण देतो, त्यात पंधरा-वीस किंकाळ्या झाल्या की दुसऱ्या दिवशी तोच आवाज लागत नाही. मागे एकदा मी ओरडे आधी उरकले होते. नंतरची वाक्यं ऐकताना पात्र मध्येच बदलल्यासारखं वाटलं, सगळी पुन्हा करावी लागली.

म्हणून उत्तरात लिहिलं: ओरड्यांचे वेगळे 1,200. उद्या रात्री पहिली दहा वाक्यं पाठवते, सूर पटला की कळवा, मगच पुढे जाईन. माझी चूक असेल तर फेरध्वनिमुद्रण फुकट, स्क्रिप्ट बदलली तर त्या शब्दांचे पैसे. आणि आवाज या गेमपुरताच, जाहिरातीत वापरायचा असेल तर वेगळं बोलू.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, इतकं रोखठोक लिहिलंस तर काम हातचं जाईल."

बुधवार, रात्र

गेलं नाही. ओरड्यांचे 1,000 ठरले. सूरही पटला, फक्त "म्हातारी चिडकी नको, दमलेली हवी" एवढंच म्हणाले. हे दहा वाक्यांवर कळलं, 112 वर नाही.

आमच्या रामबागेतली वाहनं अकरानंतर थांबतात. मग गोधड्या लावलेल्या कपाटात शिरले आणि दीड वाजेपर्यंत वाक्यं संपवली. ओरडे उद्या दुपारी; रात्री करता येत नाहीत. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, किंकाळी ऐकू आली तर धावत येऊ नका. आधी सगळ्यात मोठी किंकाळी मारून बघायची, माइकपासून हातभर मागे सरून आणि ध्वनिमुद्रणाची पातळी उतरवून. आवाज फाटला तर नंतर दुरुस्त होत नाही.