चॅटवरचा राग आणि दाव्याचा मेल

कुरिअरने आलेला मॉनिटर फुटका निघाला तेव्हा मी आधी कुरिअर कंपनीच्या चॅटवर तुटून पडलो. ‘मॉनिटर पार फुटलाय, तुमच्या माणसांनी फेकला असणार, पैसे परत द्या!’ पलीकडून ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ आणि एक तक्रार क्रमांक. दोन दिवसांनी बघतो तर तक्रार ‘निकाली’.

रात्री ते चॅट परत वाचलं. ट्रॅकिंग नंबर कुठेच नव्हता. पार्सल कधी मिळालं ते नव्हतं, पैसे म्हणजे कुठले आणि किती तेही नव्हतं. राग मात्र भरपूर होता.

मेल लिहायला बसल्यावर आधी खोडलं ते ‘फेकला असणार’. फेकताना मी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते इतकंच, की खोक्याचा खालचा उजवा कोपरा आत दबलाय. मग सुचलं म्हणून मॉनिटर परत थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात ठेवून बघितला, तर स्क्रीनवरचे तडे नेमके त्याच कोपऱ्यातून निघाले होते. तसाच फोटो काढला. ‘आतलं पॅकिंग अपुरं होतं’ हे उत्तर येणार याची खात्री होती, म्हणून थर्माकोलचे वेगळे फोटो घेतले. शिवाय खोक्याच्या सगळ्या बाजू, लेबल आणि मॉनिटरचा सिरीयल नंबर. नशीब, खोकं रद्दीत गेलं नव्हतं!

मेलचा गाभा शेवटी असा झाला:

‘वरील ट्रॅकिंग नंबरचं पार्सल १२ तारखेला सायंकाळी मिळालं. खोक्याचा खालचा उजवा कोपरा दबलेला होता (फोटो १, २). मॉनिटरच्या त्याच कोपऱ्यातून तडे गेले असून स्क्रीन सुरू होत नाही (फोटो ३, ४). त्याच दिवशी चॅटवर कळवलं होतं. तक्रार क्रमांक व चॅटची प्रत जोडली आहे. पावतीवर नोंदवलेली किंमत आणि कुरिअरचं भाडं परत मिळावं. खोकं व मॉनिटर तपासणीसाठी जपून ठेवले आहेत. दहा दिवसांत लेखी निर्णय कळवावा.’

‘मनस्तापाची भरपाई’ असंही एक वाक्य होतं, ते काढलं. त्याला पुरावा काय जोडणार?

पाठवायच्या आधी पावतीमागचा बारीक मजकूर वाचला ते बरं झालं. दावा पाठवणाऱ्यानेच करायचा होता, तोही ठरावीक दिवसांत. पार्सल दादाने पाठवलेलं. त्यामुळे मेल त्याच्या पत्त्यावरून गेला, मी सीसीमध्ये राहिलो. बिल, पावती आणि सर्व्हिस सेंटरने दिलेलं ‘दुरुस्ती शक्य नाही’ हे पत्रही त्यानेच जोडलं.

चौथ्या दिवशी त्यांचा माणूस खोकं बघून, फोटो काढून गेला. नोंदवलेली किंमत मंजूर झाली, भाडं नाही. दादाने बुकिंग करताना किंमत बिलापेक्षा बरीच कमी लिहिली होती, तेवढी खोट आम्हीच सोसली.