न हरवलेले शंभर रुपये

बेळगावात बसस्थानकाच्या परिसरातील एका लॉजच्या काउंटरवर मी गेली काही वर्षे हिशेब लिहितो. बाहेरच्या माणसाला वाटते की आमचे काम खोल्या देण्याचे आहे. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता गल्ल्यातल्या नोटा आणि रोजकीर्दीतली शिल्लक जुळली की नाही, एवढाच प्रश्न दिवसभर डोक्यात असतो. रजिस्टर, पावतीपुस्तक आणि गल्ला या तिघांनी एकच आकडा सांगितला, तरच झोप लागते. म्हणूनच गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ मला अजून सोडत नाही, कारण त्या दिवशी तिन्ही आकडे चोख जुळत असताना आमच्या लॉजमध्ये शंभर रुपये ‘हरवले’.

चंदगड भागातले तीन काजू व्यापारी आदल्या संध्याकाळी आले होते. तिघांसाठी एक वातानुकूलित खोली, भाडे तीन हजार. प्रत्येकाने हजार रुपये दिले, मी पावती फाडली. तासाभराने मालकांना आठवले की त्या खोलीचे यंत्र बंद आहे आणि तिचे साधे भाडे अडीच हजारच होते. त्यांनी पाचशे रुपये परत करायला सांगितले. मी शंभराच्या पाच नोटा काढल्या, रोजकीर्दीत नावे बाजूला पाचशे लिहिले, पावतीच्या स्थळप्रतीवर अडीच हजारांची दुरुस्ती केली आणि गोकाककडून आलेल्या आमच्या पोऱ्याच्या हाती नोटा वर पाठवल्या. रक्कम परत मिळाल्याची चिठ्ठी त्याच्यासोबत देऊन तिच्यावर गिऱ्हाइकाची सही आणायला सांगणे हे माझे काम होते. गर्दी होती म्हणून मी ते केले नाही. पुढचे सारे त्या एका चिठ्ठीच्या अभावी घडले, हे मी आधीच मान्य करून टाकतो.

पाचशे रुपये तिघांत सारखे वाटता येत नाहीत, हे त्या पोराने जिना चढताना ओळखले असावे. त्याने तिघांना शंभर-शंभर दिले आणि दोनशे खिशात ठेवले.

सकाळी खोली सोडताना त्यांनी पक्के बिल मागितले. बिलावर अडीच हजार होते आणि तिघांचे मिळून सत्तावीसशे गेले होते. दोनशेचा फरक लगेच उघड झाला. पोराला बोलावले, त्याने मान खाली घालून दोन नोटा काउंटरवर ठेवल्या. प्रकरण इथेच संपायला हवे होते. पण त्या तिघांतला जो वयाने मोठा होता, तो बोटांवर मोजीत म्हणाला, “थांबा हो मॅनेजर. आम्ही प्रत्येकी नऊशे दिले, म्हणजे सत्तावीसशे. याच्याकडे निघाले दोनशे. झाले एकोणतीसशे. आम्ही तर तीन हजार मोजले होते. मग वरचे शंभर कुठे आहेत?”

शाळेत असताना हेच कोडे आम्ही तीस रुपयांवर एकमेकांना घातले होते आणि हसून सोडून दिले होते. पण काउंटरवर, चोरी नुकतीच कबूल केलेल्या पोरासमोर, ते कोडे राहिले नाही. मालकांचा चेहरा बदलला. ज्याने दोनशे घेतले त्याने तीनशे का घेतले नसतील, असे साऱ्यांनाच वाटले. पोरगा मराठी अडखळतच बोलतो, घाबरल्यावर तेही गेले आणि तो नुसता “इन्नूरु रूपायि अष्टे री” म्हणत राहिला. दोनशेच, एवढेच. त्याचे कोणी ऐकले नाही. बेरीज मराठीत झाली होती आणि मराठीतच पटली होती.

खरे सांगायचे तर क्षणभर मीही गल्ला उघडून मोजू लागलो. रात्रीची शिल्लक आणि सकाळची जमा-नावे धरून जेवढे असायला हवे, तेवढेच पैसे होते. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. गल्ला पूर्ण असेल, तर चूक नोटांत नसून बेरजेतच असली पाहिजे, हे तेव्हा कुठे लक्षात आले.

मी शंभराच्या तीस नोटा काउंटरवर मांडल्या आणि प्रत्येक नोट काल रात्री कोणाच्या हातात होती तेवढेच विचारत गेलो. पंचवीस गल्ल्यात, तीन या तिघांच्या खिशात, दोन पोराकडे. तीस नोटा संपल्या, कोणी उरले नाही. मग त्या गृहस्थांचे सत्तावीसशे घेतले. हे सत्तावीसशे त्यांच्या खिशातून गेलेले पैसे आहेत, आणि ते गेले कुठे, तर अडीच हजार गल्ल्यात आणि दोनशे पोराकडे. म्हणजे पोराचे दोनशे त्या सत्तावीसशेच्या पोटातच आहेत. त्यांत ते पुन्हा मिळवले की एकच रक्कम दोनदा मोजली जाते. उलट तिघांना परत मिळालेले तीनशे मात्र मोजायचेच राहून जातात. सत्तावीसशेतून दोनशे वजा केले तर गल्ला निघतो, सत्तावीसशेत तीनशे मिळवले तर तीन हजार निघतात. सत्तावीसशे अधिक दोनशे या बेरजेतून काहीच निघत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर नावे बाजूची रक्कम उचलून जमा बाजूला मिळवली होती.

व्यापारी समजूतदार होते. त्यांना पटले, दोनशे घेऊन ते गेले. मालक मात्र म्हणाले, “पण एकोणतीसशे आलेच ना?”

या वाक्यावर मी रात्री बराच वेळ कागद काळे केले. एकोणतीसशे हा आकडा तीन हजारांच्या इतका जवळ आला, म्हणूनच सारे फसले. समजा, भाडे दोन हजारच निघाले असते, हजार परत पाठवले असते आणि पोराने तिघांना तेच तीनशे देऊन सातशे ठेवले असते. मग याच पद्धतीने सत्तावीसशे अधिक सातशे, चौतीसशे झाले असते. जास्तीचे चारशे कोठून आले असे कोणी विचारले नसते, बेरीजच खुळी आहे हे शेंबड्या पोरालाही कळले असते. ‘हरवलेली’ रक्कम म्हणजे परत दिलेले तीनशे आणि लाटलेले दोनशे यांतली नुसती वजाबाकी आहे.

त्याहून वाईट उदाहरण पुढे निघाले. भाडे चोवीसशे असते, सहाशेतले तीनशे पोराने ठेवले असते, तर सत्तावीसशे अधिक तीनशे बरोबर तीन हजार झाले असते. तीच चुकीची बेरीज, पण उत्तर जुळलेले, म्हणून कोणी ब्रही काढला नसता. आजवर मी जुळलेल्या बेरजेवर निर्धास्तपणे सही करत आलो. त्यांतल्या किती बेरजा अशा जुळल्या असतील, हा विचार त्या रात्री प्रथमच आला.

आता रक्कम परत करताना सही घेतल्याशिवाय मी नोट हातातून सोडत नाही. पोरगा कामावर आहे. महिनाअखेरीस मालकांनी त्याच्या पगारातून शंभर रुपये कापले आणि शेऱ्यात ‘तूट वसुली’ लिहायला सांगितले. दोनशेबद्दल कापले असते तर मी समजू शकलो असतो, पण हे त्या शंभरासाठी होते. रोजकीर्दीत तूट कुठेच नव्हती, त्यामुळे वसुली कोणत्या खात्यावर जमा करावी हे मला सुचेना. शेवटी मी ती रक्कम उचंत खात्यात टाकली आणि ती अजून तिथेच आहे.