तुम्ही विचारलंत म्हणून: माहिती पाठवण्याआधीचा एक प्रश्न

“फोनवर समोरचा माणूस ‘आत्ता नको, फक्त माहिती पाठवून द्या’ म्हणाला की मी ‘हो, लगेच पाठवतो’ म्हणून फोन ठेवतो, आणि पुढे काहीच घडत नाही. त्या क्षणी नेमके काय बोलावे?”

हे वाक्य चार वेगवेगळी माणसे अगदी याच शब्दांत बोलतात. एकाला फोन सभ्यपणे संपवायचा असतो, दुसऱ्याच्या हाती निर्णय नसतो, तिसरा एखादी तारीख उलटेपर्यंत खरोखरच अडकलेला असतो, आणि चौथ्याला ऐकण्यापेक्षा वाचणे बरे वाटते. विक्रीच्या पहिल्या काही वर्षांत मी सगळ्यांना चौथ्याच प्रकारात धरत असे. अठरा पानांचे माहितीपत्रक पाठवायचे आणि वहीत नावापुढे ‘इच्छुक’ असे लिहून मोकळे व्हायचे, असा माझा क्रम होता. त्या वहीतल्या इच्छुकांपैकी कोण कधी घेणार, असे वरिष्ठांनी विचारले तेव्हा मला एकाही नावापुढे महिना सांगता आला नाही.

तेव्हापासून मी माहिती पाठवण्याचे मान्य करतो, पण फोन ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. मान्य करताना ‘पण’ लावत नाही. ‘पाठवतो, पण त्याआधी फक्त दोन मिनिटे’ असे म्हटले की समोरच्याला आपली विनंती नाकारली गेल्याचे बरोबर कळते. प्रश्नही असा हवा की त्याच्या उत्तरावरून काय पाठवायचे ते ठरेल. ‘आपल्याला कोणती माहिती हवी आहे?’ हा प्रश्न त्यासाठी निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडे काय काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि तो साहजिकच ‘सगळीच पाठवा’ म्हणतो. आपल्या मालाविषयी न विचारता त्याच्या कामाविषयी विचारावे आणि दोन पर्याय पुढे ठेवावेत. उत्तर त्याला चार शब्दांत देता आले पाहिजे.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. शीतगृहातील तापमान सतत नोंदवणारे आणि ते मर्यादेबाहेर गेले की फोनवर इशारा देणारे यंत्र मी विकत होतो. औषधांच्या एका गोदामाच्या प्रमुखांना फोन केला. तेथे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागणारी औषधे होती. त्यांनी तिसऱ्याच वाक्याला मला थांबवले आणि माहिती पाठवायला सांगितली.

मी म्हणालो, “नक्की पाठवतो. आमचे माहितीपत्रक अठरा पानांचे आहे, ते सगळे आपल्या माथी मारत नाही. आपल्याकडे तापमानाच्या नोंदी हाताने होतात की यंत्राने, एवढे सांगितलेत तर आपल्याला लागू पडणारे तेवढेच पाठवतो.”

“यंत्र आहे आमच्याकडे,” ते म्हणाले. “नोंदी होतात, पण रात्री त्या कोणी बघत नाही. इशाऱ्याची सोय केली होती, ती बंद करून टाकली. दार उघडले तरी वाजायची.”

या उत्तराने पाठवायचा मजकूर ठरला. राहिला ‘आत्ता नको’ याचा अर्थ. तो कधीच ‘मग कधी?’ असा थेट विचारू नये, कारण त्यावर ‘बघू, दोनतीन महिन्यांनी’ यापलीकडे काही मिळत नाही. मी विचारले, “आत्ता नको म्हणालात, ते तसेच धरतो. सध्याच्या यंत्राचा देखभाल करार संपत येईल तेव्हा बोलणे सोयीचे होईल का?” करार संपायला चार महिने होते, मात्र नूतनीकरणाचा कागद महिनाभर आधी सहीसाठी येतो, असे ते म्हणाले. म्हणजे माझ्या दृष्टीने मुदत तीनच महिन्यांची होती. त्या कागदावर एकदा सही झाली की पुढचे वर्ष हातचे गेले असते.

तासाभरात मी ईमेल पाठवला. विषयाच्या ओळीत त्यांचेच शब्द घातले: ‘नोंदी होतात, पण रात्री कोणी बघत नाही’. मजकूर जवळजवळ असा होता:

“दार उघडल्यावर खोलीतील हवा लगेच तापते, औषध मात्र तितक्या लवकर तापत नाही. आपली सोय हवेचे तापमान मोजत असेल, तर ती वारंवार वाजणारच. आमच्या यंत्राचा संवेदक ग्लायकोल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवलेला असतो, त्यामुळे तो औषधाच्या तापमानाच्या जवळ राहतो आणि दार थोडा वेळ उघडे राहिले म्हणून इशारा देत नाही. रात्री इशारा कोणाच्या फोनवर जावा आणि त्याने उचलला नाही तर पुढे कोणाच्या, हे आपण ठरवायचे. इशारा आल्यावर गोदामात पोहोचणारा माणूस मात्र आपल्यालाच नेमावा लागेल. ते काम यंत्र करत नाही. सोबत एक पान जोडले आहे. ठरल्याप्रमाणे नूतनीकरणाचा कागद येण्याच्या आठवडाभर आधी फोन करतो.”

यंत्र काय करत नाही ते सांगणारे वाक्य आमच्या कार्यालयात एकदोघांना खटकले. माझ्या मते वाचणाऱ्याचा विश्वास त्याच वाक्यावर बसतो.

ईमेल उघडला गेला की नाही, हे दाखवणाऱ्या सोयीवर मी विसंबत नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, ती निवडलेली असेल तर ईमेलमधील चित्रे वाचकाने न उघडताच उतरवून घेतली जातात, आणि आपल्या पडद्यावर मात्र ‘उघडला’ असे दिसते. अनेक कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा दुव्यांवर आधी स्वतःच क्लिक करून पाहते. अशा खुणेवर विसंबून ‘आपण आत्ताच वाचलेत, काय वाटले?’ असा फोन करणारे सहकारी मी पाहिले आहेत. समोरच्याने काहीच वाचलेले नसते आणि आपल्यावर पाळत आहे हे तेवढे त्याला कळते. ‘माहिती मिळाली का?’ असाही फोन करू नये. ‘हो, बघतो’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते आणि पुन्हा फोन करायचे निमित्त आपणच खर्चून बसतो.

ठरल्या दिवशी फोन केला तेव्हा त्या प्रमुखांना माझे नाव आठवत नव्हते. “रात्री नोंदी कोणी बघत नाही, असे आपण म्हणाला होतात,” असे म्हटल्यावर ओळख पटली. त्यांनी एका खोलीत महिनाभर चाचणी घेण्याचे कबूल केले आणि नूतनीकरणाचा कागद तोवर बाजूला ठेवला.

सगळेच असे उत्तर देत नाहीत. निर्णय दुसऱ्याच्या हाती असेल, तर ‘मला वरिष्ठांना दाखवावे लागेल’ हे या एका प्रश्नानेच बाहेर येते. मग वरिष्ठ पहिली शंका कोणती काढतील एवढे विचारून मी तिचेच उत्तर लिहून देतो. जो प्रश्न टाळून ‘तुम्ही पाठवा हो, मी बघतो’ म्हणतो, त्याला एकच पान पाठवतो आणि खाली लिहितो की हे आपल्या उपयोगाचे नसेल तर ‘नको’ एवढे कळवले तरी चालेल, मी पुन्हा त्रास देणार नाही. दोन आठवड्यांत काहीच आले नाही, तर वहीत त्या नावापुढे ‘नकार’ लिहितो.