एक रबर, दोन रबर

काचबिंदू झालेल्या आजोबांच्या उशाजवळचा खण उघडला की पाच मिलीच्या तीन-चार पांढऱ्या बाटल्या लोळत असतात. टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ, लॅटानोप्रोस्ट रात्री एकदा, कोरडेपणासाठीचे थेंब दिवसातून चारदा, आणि कुणीतरी त्यातच टाकून दिलेले कानाचे थेंब. धडधाकट नजरेच्या माणसालाही आधी चष्मा शोधावा लागतो, तिथे आजोबांची काय कथा.

झाकणांच्या रंगांची एक पद्धत अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवली आहे. त्यात टिमोलॉलच्या गटाला पिवळा रंग आणि लॅटानोप्रोस्टच्या गटाला मोरपंखी. पण आपल्याकडची प्रत्येक कंपनी ती पाळेलच असं नाही. शिवाय एका वेळी दोन बाटल्या उघडल्या की झाकणांची अदलाबदल होते. म्हणून खूण झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर हवी. खोक्यावरही नको, कारण खोकं आणि बाटली दुसऱ्या दिवशी एकत्र असतीलच याची खात्री नसते.

रंगाची खूण करायची तर ती ज्याच्या डोळ्यांसाठी आहे त्याच्या डोळ्यांनी पाहायला हवी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, त्यामुळे गडद निळा आणि काळा सारखेच दिसू लागतात, पांढरा आणि फिका पिवळा एकमेकांत मिसळतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली तर आणखीच. म्हणून पांढऱ्या बाटलीवर काळी पट्टी शोभते, फिकी पिवळी नाही. आणि निवडलेले रंग आजोबांना त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच दिव्याखाली, हातभर अंतरावरून दाखवून बघावेत. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र उजेडात सगळेच रंग वेगळे दिसतात.

आता स्पर्शाच्या खुणांकडे. सगळीकडे मिळणारा सल्ला असा: सकाळच्या बाटलीला एक रबर, रात्रीच्या बाटलीला दोन, आणि कोरडेपणाच्या थेंबांना काहीच नाही. ऐकायला फर्मास. पण एप्रिल-मेच्या पुण्यात रबर सुकून तुटतं. रात्रीच्या बाटलीवरचं एक रबर तुटलं की ती हाताला थेट सकाळची बाटली लागते. दोन्ही तुटली तर कोरडेपणाचे थेंब. म्हणजे खूण नुसती गळत नाही, ती दुसरंच औषध होऊन बसते! आणि बोटांना यातलं काहीच कळत नाही, कारण जे हाताला लागलं ते आपल्या ठरलेल्या भाषेत अगदी बरोबरच असतं.

म्हणून फरक संख्येचा नको, जातीचा हवा. टिमोलॉलला मानेभोवती जाड दोऱ्याचे चार-पाच वेढे आणि वर घट्ट गाठ. लॅटानोप्रोस्टच्या अंगाभोवती कापडी चिकटपट्टीचा रुंद पट्टा. कोरडेपणाच्या थेंबांना लायनरने काढलेला एक फुगीर उभा रेघोटा. हे कापडावर नक्षी काढायचे फुगीर रंग कुठल्याही हस्तकलेच्या दुकानात मिळतात. आधी जागा पुसून कोरडी करावी, आणि बाटली रात्रभर उभी ठेवावी. आडवी पडली तर रेघ चपटी होते आणि बोटाला लागत नाही. औषधाचं नाव, मुदत आणि बॅच यांवर मात्र काहीही चढू द्यायचं नाही. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा: खूण नसलेली बाटली डोळ्याजवळ न्यायची नाही. मग खूण गळली तर घोटाळा होत नाही, फार तर कुणाला तरी हाक मारावी लागते.

तुळशीबागेतल्या टिकल्याही कामी येतात असं ऐकायला मिळतं. मखमली टिकली बोटाला छान लागते खरी, पण उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि बाहेर काढली की तिला घाम सुटतो, आणि टिकली दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या कप्प्यात सापडते. कागदी लेबलाचीही तीच गत. दोऱ्याला हे दुःख नाही.

मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेली असेल तर बारीक ठिपके निरुपयोगी. डोळे मिटून, तीन बाटल्या उलटसुलट देऊन, आजोबांनी प्रत्येक ओळखली का हे बघावं. एखादीला क्षणभर जरी अडखळले तर ती खूण बदलावी, आजोबांना शिकवत बसू नये.

कानाच्या थेंबांना मात्र खूण करायचीच नाही. त्यांचा खण वेगळा, शक्यतो खोलीही वेगळी. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची छोटी बाटली तर हातोडी-पक्कडीच्या डब्यात. ती डोळ्याचे थेंब समजून वापरली गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

राहता राहिली नवी बाटली. औषधवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली की आकार बदलतो, पण खूण औषधाची आहे, बाटलीची नाही; त्यामुळे आतलं औषध वाचून तीच खूण नव्या बाटलीवर करायची, तीही खणात जाण्याआधी. उघडल्याची तारीख जाड मार्करने बाटलीच्या मोकळ्या जागेवर लिहावी, कारण उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकायची असते. टाकताना तिचा दोरा कापावा किंवा पट्टी ओरबाडून काढावी, नाहीतर खणात एकाच खुणेच्या दोन बाटल्या होतात आणि हाताला आधी जुनी लागते.